गिळणं आणि उलटी: घसा एक, वाटा दोन, आणि दोन्हींचा ताबा लंबमज्जेकडे

मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, म्हणजे लंबमज्जेच्या एका कडेला, काही मिलिमीटरच्या पट्ट्यात रक्तपुरवठा थांबला, की माणसाला एकाच दिवशी दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या तक्रारी सुरू होतात. उलट्या थांबत नाहीत आणि तोंडात साठलेली लाळही गिळता येत नाही. असा रुग्ण पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पोटाचं एक दुखणं आणि घशाचं दुसरं. प्रत्यक्षात दुखणं एकच असतं. गिळताना आणि ओकताना घशाला जे सगळ्यात अवघड काम करावं लागतं, ते दोन्ही वेळा तेच आहे: श्वासाची वाट घट्ट बंद करून अन्ननलिकेचं तोंड उघडणं. हे काम करणारे स्नायू तेच, त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशीही बहुतांशी त्याच. त्यामुळे त्या पेशींना इजा झाली की गिळणं बिघडतं, आणि उलटी झाली तर तिच्यापासून फुप्फुसांना वाचवणारं कवचही निघून जातं.

हा धागा धरून आधी घासाचा प्रवास पाहू, मग त्यामागची लंबमज्जेतली व्यवस्था, मग उलटी, आणि शेवटी एका रुग्णाच्या खाटेशेजारी उभं राहून हे सगळं कसं वापरायचं ते. शरीरक्रियाशास्त्र शिकणारे, परिचारिका आणि पक्षाघाताच्या रुग्णाची घरी काळजी घेणारे, अशा सगळ्यांना हे उपयोगी पडावं.

आधी स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवा

पुस्तक उघडण्यापूर्वी हे करून पाहा. तर्जनी हनुवटीच्या खालच्या मऊ भागावर ठेवा. मधलं बोट त्याच्या मागे, जिथे गळा आडवा वळतो तिथल्या कंठास्थीवर. अनामिका आणि करंगळी स्वरयंत्राच्या पुढच्या उंचवट्यावर, म्हणजे कंठमण्यावर. बोटांचा दाब अगदी हलका हवा. आता आवंढा गिळा.

तर्जनीखालचा भाग आधी कडक होतो, कारण जीभ टाळूला टेकून मागे रेटते. लगेच कंठास्थी वर आणि पुढे सरकते, आणि तिच्यामागोमाग सगळं स्वरयंत्र सुमारे दोन सेंटिमीटर वर उचललं जाऊन परत खाली येतं. तर्जनीला जाणवलेली हालचाल आणि कंठमण्याची उडी यांच्यात निरोगी माणसात जवळजवळ अंतर नसतं. जीभ हलली, पण कंठमणी एक-दोन सेकंद जागचा हलला नाही, किंवा हलला पण अर्धवटच उचलला गेला, तर घशाचा टप्पा उशिरा किंवा अशक्तपणे सुरू होतोय असं समजायचं. गिळण्याचा अभ्यास करणारे वाणी-उपचारतज्ज्ञ खाटेशेजारी सगळ्यात आधी हेच तपासतात.

आता दुसरा प्रयोग. तोंडात काहीही न घेता 30 सेकंदांत किती वेळा आवंढा गिळता येतो ते मोजा. निरोगी प्रौढाला तीन किंवा जास्त वेळा जमायला हवं. पण दुसऱ्या-तिसऱ्या आवंढ्यानंतर गिळणं एकदम जड जातं, हे तुमच्या लक्षात येईल. इच्छा तीच, स्नायू तेच, मग अडतं कुठे? लाळ संपलेली असते. घशाच्या भिंतीला स्पर्श करायला काहीतरी असल्याशिवाय गिळण्याची पुढची साखळी नीट सुरू होत नाही. मेंदूचा वरचा भाग गिळणं सुरू करायची मागणी करू शकतो, पण ते चालवायचं काम घशातून येणाऱ्या संवेदनेच्या जोरावर लंबमज्जाच करते.

घासाचा प्रवास

पहिला टप्पा तोंडातला आणि तो पूर्णपणे आपल्या ताब्यात असतो. ओठ मिटलेले, गाल आत ओढलेले, दात चावतायत, जीभ घास गोळा करतेय. चावण्याचे स्नायू पाचव्या मस्तिष्क चेतेचे, ओठ-गाल सातव्या चेतेचे आणि जीभ बाराव्या चेतेची. घास तयार झाला की जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकतं आणि जीभ पुढून मागे घास ढकलत नेते. इथपर्यंत विचार बदलला तर घास थुंकता येतो.

घास घशाच्या कमानी, जिभेचं मूळ आणि विशेषतः स्वरयंत्राच्या तोंडाजवळची त्वचा यांना स्पर्शला, की दुसरा टप्पा सुरू होतो. आता परत फिरणं नाही. हा टप्पा सुमारे एका सेकंदात संपतो, आणि गिळण्यातला सगळा धोका याच सेकंदात असतो, म्हणून इथे जरा थांबू.

मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची मागची वाट बंद करतो. श्वास थांबतो. बहुतेक वेळा तो उच्छ्वासाच्या मध्ये थांबतो आणि गिळून झाल्यावर पुन्हा उच्छ्वासानेच सुरू होतो. त्यामुळे स्वरयंत्राच्या तोंडाशी एखादा कण उरला असेल तर तो आत ओढला जाण्याऐवजी बाहेर फुंकला जातो. गिळल्याबरोबर श्वास आत घेणारा रुग्ण म्हणूनच जास्त धोक्यात असतो, आणि छातीच्या हालचालीकडे लक्ष दिलं तर हे डोळ्यांनी दिसतं.

त्याच वेळी स्वरयंत्र तीन मजल्यांवर बंद होतं. स्वरतंतू एकमेकांना चिकटतात, त्यांच्या वरच्या घड्या जवळ येतात आणि सगळ्यात वर एपिग्लॉटिस झाकणासारखं मागे वाकतं. फुप्फुसांचं रक्षण हे झाकणच करतं, असा समज फार पसरलेला आहे. पण शस्त्रक्रियेत एपिग्लॉटिस काढलेली माणसंही बऱ्याचदा ठीक गिळू शकतात. खरा बंदोबस्त स्वरतंतूंचा असतो. स्वरतंतूंची एक बाजू लुळी पडली की आवाज घोगरा होतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. ही दोन लक्षणं जोडीने दिसली तर त्यांचा उगम एकच आहे का, हे नेहमी तपासावं.

आता अन्ननलिकेचं वरचं दार. तिथला स्नायू एरवी सतत आवळलेला असतो, म्हणून श्वास घेताना हवा पोटात जात नाही. हे दार उघडायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, त्या स्नायूला आवळून धरणारे चेतासंदेश क्षणभर थांबायला हवेत. दोन, वर आणि पुढे उचलल्या जाणाऱ्या स्वरयंत्राने दाराची पुढची भिंत ओढून उघडायला हवी. तीन, वरून येणाऱ्या घासाचा दाब हवा. यातलं काहीही चुकलं तर घास दारावर अडतो आणि बाजूच्या खोबणीत साठतो. मग श्वास सुरू झाल्यावर तो स्वरयंत्रात ओघळतो. म्हणजे ठसका गिळताना न लागता काही सेकंदांनी लागला, तर दार नीट उघडत नसल्याचा संशय घ्यावा.

तिसरा टप्पा अन्ननलिकेचा, आणि तो तुलनेने संथ. सुमारे 25 सेंटिमीटर लांबीच्या नळीतून आकुंचनाची लाट खाली उतरायला साधारण 8 ते 10 सेकंद लागतात. सरळ बसून प्यायलेलं पाणी वजनानेच त्याआधी खाली पोचतं. नळीचा वरचा भाग हाताच्या स्नायूसारख्या पट्टेदार स्नायूचा आहे आणि खालचा भाग आतड्यासारख्या गुळगुळीत स्नायूचा. वरचा भाग थेट लंबमज्जेच्या हुकमावर चालतो. खालचा भाग लंबमज्जेचं ऐकतो, पण भिंतीतल्या स्वतःच्या चेताजाळ्यावरही काम करू शकतो. म्हणून लंबमज्जेच्या इजेत घसा कोलमडला तरी घशापलीकडे नळीने घातलेलं अन्न पचायला सहसा अडचण येत नाही.

लंबमज्जेत कोण काय ठरवतं

मस्तिष्कस्तंभाचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे लंबमज्जा. तिच्या मागच्या अंगाला, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एक लांबट केंद्रक असतं: न्यूक्लिअस ट्रॅक्टस सॉलिटेरियस. घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि जठर यांच्याकडून नवव्या आणि दहाव्या चेतेतून येणारी वर्दी इथे उतरते. स्वरयंत्राच्या तोंडाची वर्दी आणणारी दहाव्या चेतेची वरची शाखा यात सगळ्यात प्रभावी आहे. प्राण्यांमध्ये केवळ तिला विजेचे हलके धक्के दिले तरी गिळण्याची पूर्ण साखळी सुरू होते.

या केंद्रकात आणि त्याच्या लगत गिळण्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्या पेशी असतात. कोणता स्नायू आधी, कोणता नंतर, किती वेळ, हे त्या ठरवतात. तिथून आदेश लंबमज्जेच्या पुढच्या-बाजूच्या भागातल्या दुसऱ्या गटाकडे जातो आणि तो गट प्रत्येक स्नायूच्या केंद्रकाला आपापला वाटा पोचवतो. विशेष म्हणजे, औषधाने प्राण्याचे स्नायू पूर्ण लुळे केले, म्हणजे घशात प्रत्यक्ष काहीच हललं नाही, तरी चेतांमधून जाणाऱ्या संदेशांचा क्रम बदलत नाही. क्रम लंबमज्जेतच लिहिलेला आहे. घशातून येणारी संवेदना तो सुरू करते आणि घासाच्या आकार-घट्टपणाप्रमाणे त्यात जुळवाजुळव करते.

शेवटच्या हुकमाच्या पेशींपैकी एक नाव पक्कं लक्षात ठेवा: न्यूक्लिअस ॲम्बिग्युअस. मऊ टाळू, घशाची भिंत, स्वरतंतू आणि अन्ननलिकेचा वरचा भाग यांच्या बहुतेक स्नायूंना इथूनच आदेश मिळतात. जिभेचं केंद्रक मात्र मध्यरेषेजवळ, वेगळ्या जागी आहे. पुढे रुग्ण तपासताना हा फरक फार कामाला येतो. अन्ननलिकेच्या गुळगुळीत भागाचा आणि जठराचा कारभार दहाव्या चेतेच्या मागच्या केंद्रकाकडे असतो.

ही सगळी व्यवस्था डावी-उजवी अशी दोन अर्ध्यांत आहे आणि दोन्ही अर्धी एकमेकांशी घट्ट जोडलेली आहेत. मोठ्या मेंदूकडून येणारी मागणीही दोन्ही बाजूंकडून येते. म्हणून मोठ्या मेंदूच्या एका बाजूच्या पक्षाघातात गिळणं बिघडलं तरी अनेकांचं ते काही आठवड्यांत सुधारतं. दुसरी बाजू काम उचलते.

उलटी: तोच घसा, वाट उलट

उलटी म्हणजे जठर आवळून बाहेर फेकणं, असं वाटतं. पण जोर जठराचा नसतोच. जठर तर ढिलं पडतं. जोर पोटाच्या भिंतीचा आणि श्वासपटलाचा असतो.

आधी मळमळ सुरू होते. तोंडाला पाणी सुटतं, चेहरा पांढरा पडतो, घाम येतो. जठराचा वरचा भाग सैल होतो आणि लहान आतड्याच्या मध्यापासून एक मोठी आकुंचनाची लाट उलट्या दिशेने जठराकडे येते. जठर रिकामं असतानाही हिरवट-पिवळं पित्त पडतं, ते या लाटेमुळे. जठर-आतड्याच्या या हालचाली दहाव्या चेतेमार्फत होतात.

मग कोरड्या ओकाऱ्या. स्वरद्वार, म्हणजे स्वरतंतूंमधली फट, बंद होते; श्वासपटल आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी झटके देऊन आवळतात. एरवी श्वास घेताना हे दोघे आळीपाळीने काम करतात. इथे ते एकत्र येतात, म्हणजे श्वासाच्या चेतापेशीच वेगळ्या कामाला लावल्या जातात. जठरातलं द्रव्य अन्ननलिकेत वर-खाली होतं, पण वरचं दार बंद असल्याने बाहेर येत नाही.

शेवटी बाहेर पडणं. पोटाचे स्नायू जोरात आवळतात, श्वासपटलाचा अन्ननलिकेभोवतीचा भाग मात्र नेमका त्या क्षणी सैल पडतो. स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, अन्ननलिकेचं वरचं दार उघडतं, स्वरद्वार घट्ट मिटलेलं राहतं, मऊ टाळू उचलून नाकाची वाट बंद करतो.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. गिळण्याच्या दुसऱ्या टप्प्यात घशाने जे केलं, जवळजवळ तेच आहे. फरक दिशेचा आणि मागून येणाऱ्या जोराचा.

रुग्ण “उलटी झाली” म्हणतो तेव्हा खरोखर उलटीच झाली का, हेही याच टप्प्यांवरून विचारता येतं. आधी मळमळ होती का? पोट आवळलं का? पडलेलं अन्न आंबट, अर्धवट पचलेलं होतं की जसं खाल्लं तसंच? मळमळ नाही, पोटाला झटका नाही आणि अन्न तसंच्या तसं तोंडात आलं, तर ती उलटी नसून अन्ननलिकेत किंवा घशात अडलेलं अन्न परत आलं आहे. तपास त्या दिशेने करावा लागतो. उलटीची औषधं इथे उपयोगाची नाहीत.

उलटीची वर्दी कुठून येते

1950 च्या सुमारास बोरिसन आणि वांग या संशोधकांनी प्राण्यांवर प्रयोग करून दोन गोष्टी वेगळ्या केल्या. लंबमज्जेतला एक भाग विजेने उत्तेजित केला की उलटी होत होती. त्याला त्यांनी उलटीचं केंद्र मानलं. दुसरा भाग, एरिया पोस्ट्रेमा, काढून टाकला की रक्तात दिलेल्या ॲपोमॉर्फिनने उलटी होत नव्हती, पण पोटात घातलेल्या मोरचुदाने होत होती. म्हणजे रक्तातलं विष ओळखणारी जागा वेगळी आणि पोटातून येणारी वर्दी वेगळी. ही विभागणी आजही टिकून आहे. उलटीचं केंद्र मात्र एका ठिपक्यात असतं असं आता मानत नाहीत. न्यूक्लिअस ट्रॅक्टस सॉलिटेरियस आणि भोवतालच्या जाळीदार भागातल्या पेशींचा विखुरलेला संच मिळून ते काम करतो. गिळण्याची वर्दी जिथे उतरते, तिथेच उलटीचीही उतरते, आणि पुढचे स्नायूही सामाईक आहेत.

या संचाकडे चार वाटा येतात. आतड्याच्या पेशींना विष, केमोथेरपी किंवा जंतुसंसर्गाने त्रास झाला की त्या सेरोटोनिन सोडतात आणि दहावी चेता वर्दी नेते. इथे सेरोटोनिनला अडवणारं ऑन्डान्सेट्रॉन चांगलं काम करतं. दुसरी वाट एरिया पोस्ट्रेमाची. ही जागा चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाच्या खालच्या टोकाला आहे आणि तिथे रक्त-मेंदू अडथळा सैल आहे, म्हणून रक्तातलं रसायन तिला थेट जाणवतं. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, तरी इथे पोचतं, ते याच कारणाने. तिसरी वाट अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची. प्रवासात होणारी उलटी तिथून येते. इथे हिस्टामाइन आणि ॲसिटिलकोलिन यांना अडवणारी औषधं लागतात, ऑन्डान्सेट्रॉनने निराशा होते. चौथी वाट मोठ्या मेंदूकडून: वास, भीती, आठवण. उलटीचं औषध निवडताना “जोरदार कोणतं” यापेक्षा “वर्दी कोणत्या वाटेने येतेय” हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

एक रुग्ण, पायरी-पायरीने

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण यातलं प्रत्येक लक्षण या आजारात नेहमी आढळणारं आहे.

61 वर्षांचे, जुना रक्तदाब असलेले गृहस्थ. सकाळी उठताना सगळं गरगरू लागलं, उभं राहिल्यावर डावीकडे झोक जाऊ लागला, लागोपाठ उलट्या झाल्या. दुपारी उचक्या लागल्या. आवाज घोगरा झाला. पाण्याचा घोट घेतला तर तो नाकातून आला आणि ठसका लागला. हातापायांत ताकद पूर्ण. डोक्याचा सीटी स्कॅन ठीक. बाहेरचं खाणं बाधलं आणि उलट्यांमुळे घसा बसला, असा पहिला अंदाज बांधला गेला.

हा अंदाज कुठे कोसळतो ते पाहू. तोंड उघडून “आ” म्हणायला सांगितलं, तर डावा मऊ टाळू उचलला गेला नाही आणि पडजीभ उजवीकडे ओढली गेली. पडजीभ निरोगी बाजूला जाते, म्हणजे डावी बाजू लुळी. घोगरा आवाज म्हणजे डावा स्वरतंतू. टाळू, घसा, स्वरतंतू हे तिन्ही डाव्या न्यूक्लिअस ॲम्बिग्युअसचे. उलट्यांनी बसलेल्या घशात टाळू लुळा पडत नाही. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती सरळ आली, म्हणजे मध्यरेषेजवळचं जिभेचं केंद्रक वाचलंय. हातापायांत ताकद आहे, म्हणजे पुढचा-मधला भागही ठीक. इजा मागच्या-बाजूच्या भागातच आहे.

चेहऱ्याच्या डाव्या बाजूला टोचलेलं आणि गार-गरम कळत नाही, आणि मानेखाली मात्र उजव्या बाजूला कळत नाही. चेहऱ्याचा मार्ग अजून त्याच बाजूला असतो, अंगाचा मार्ग आधीच ओलांडून आलेला असतो. दोन्ही एकमेकांजवळ असतात ते लंबमज्जेच्या कडेलाच. डावी पापणी किंचित खाली आणि डावी बाहुली लहान, म्हणजे तिथूनच जाणारा स्वायत्त चेतामार्ग तुटला. झोक डावीकडे, म्हणजे लहान मेंदूकडे जाणारा देठ. गरगरणं आणि उलट्या, म्हणजे तोलाची केंद्रकं. या उलट्या तिसऱ्या वाटेने आलेल्या आहेत, पोटातून नाही.

निदान: लंबमज्जेच्या डाव्या कडेचा पक्षाघात. आडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 मध्ये वर्णन केल्यामुळे हा आजार त्यांच्या नावाने ओळखला जातो. कारण बहुतेक वेळा कशेरुक धमनी किंवा तिची लहान मेंदूकडे जाणारी मागची-खालची शाखा बंद होणं. सीटी स्कॅनमध्ये हा भाग नीट दिसत नाही. एमआरआय लागतो, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तोही फसवू शकतो. लक्षणं जुळत असतील तर स्वच्छ स्कॅनवर विसंबून रुग्णाला घरी पाठवू नये.

मग प्रश्न उरतो: उजवं केंद्रक शाबूत असताना त्यांना लाळही का गिळता येत नाही? इजा फक्त डाव्या स्नायूंच्या पेशींना झालेली नाही. शेजारचं वेळापत्रक ठरवणारं जाळं आणि दोन अर्ध्यांमधला दुवाही तुटला आहे. उजव्या अर्ध्याकडे स्नायू आहेत, पण सुरुवातीला त्याला एकट्याने क्रम चालवता येत नाही. म्हणून जीभ व्यवस्थित घास मागे ढकलते आणि घसा प्रतिसाद देत नाही. चार बोटांनी तपासल्यावर तर्जनीला जीभ जाणवली, कंठमणी मात्र जेमतेम हलला.

खाटेशेजारी काय करायचं, काय टाळायचं

रुग्ण पूर्ण जागा नसेल तर पुढचं काहीच करू नये. जागा असेल तर सरळ बसवून आवाज ऐका, जोरात खोकायला सांगा, मग आवंढा गिळायला सांगा. आवाज ओलसर-घुरघुरता असेल, खोकला अशक्त असेल किंवा कंठमणी उचलला जात नसेल, तर तपासणी तिथेच थांबवा. आपल्या उदाहरणातले गृहस्थ लाळ बाहेर थुंकत होते. त्यांना पाणी देऊन पाहण्याचं काही कारण नव्हतं.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच एक चमचा, म्हणजे सुमारे 5 मिलिलिटर पाणी द्या. असे दोन-तीन चमचे गेले की 90 मिलिलिटर पाणी न थांबता प्यायला सांगा. पिताना किंवा नंतरच्या मिनिटाभरात खोकला, ठसका, घुसमट दिसली, आवाज ओला झाला किंवा मध्येच थांबावं लागलं, तर चाचणी नापास समजून तोंडाने काहीही देणं बंद करा. गोळीही नाही.

दोन गोष्टी इथे हमखास फसवतात. पहिली, खोकला न येणं. स्वरयंत्राची संवेदनाच गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत जाऊनही खोकला येत नाही. म्हणून जोखमीच्या रुग्णात दुर्बिणीने किंवा क्ष-किरणांच्या चलचित्राने गिळणं प्रत्यक्ष पाहावं लागतं. दुसरी, घशाला काडी लावून ओकारी येते का ते पाहणं. अनेक निरोगी माणसांत, विशेषतः वयस्करांत, ही ओकारी येतच नाही. आणि ती आली तरी गिळणं सुरक्षित आहे असं सिद्ध होत नाही. काडी लावून “गिळायला हरकत नाही” असा शेरा मारण्याची सवय मला खरोखर धोकादायक वाटते.

आपल्या रुग्णाला नाकातून नळी घालून अन्न सुरू केलं. पण नळी उलटीपासून वाचवत नाही. त्यांचं स्वरद्वार नीट मिटत नाही, त्यामुळे निरोगी माणसाला नुसती किळसवाणी वाटणारी उलटी त्यांच्या बाबतीत फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून उलट्या चालू असेपर्यंत नळीतून एकदम जास्त अन्न सोडायचं नाही, अन्न देताना आणि नंतर डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर ठेवायची, आणि उमाळा येतोय असं दिसताच कुशीवर वळवून तोंड खाली करायचं. उलटीचं औषध तोलाच्या वाटेवर काम करणारं हवं, पण त्यातली बरीच औषधं झोप आणतात, आणि झोपाळलेला रुग्ण लाळही सांभाळू शकत नाही. म्हणून मात्रा कमीत कमी आणि दिवस थोडे. दात-जीभ दिवसातून अनेकदा स्वच्छ करणं इथे औषधाइतकंच कामाचं आहे, कारण लाळ तर फुप्फुसात झिरपणारच; तिच्यातले जंतू कमी असले तर न्यूमोनियाची शक्यता घटते. ताप येणं, श्वासाचा वेग वाढणं, छातीत घरघर वाढणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी छाती तपासून घ्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या उलट्या थांबल्या. मेंदू तोलाच्या बिघाडाशी लवकर जुळवून घेतो. घरच्यांना वाटलं, आता पेज द्यायला हरकत नाही. नेमकी इथेच चूक होते. उलटी थांबली ती तोलाची केंद्रकं सावरली म्हणून. गिळण्याचं जाळं अजून सावरलेलं नसतं आणि त्याला सहसा आठवडे, काहींना महिने लागतात. उलटी थांबणं हा गिळण्याच्या सुधारणेचा पुरावा मानू नये.

तिसऱ्या आठवड्यात क्ष-किरण चलचित्रात दिसलं की कंठमणी आता बऱ्यापैकी उचलला जातोय, पण घास डाव्या खोबणीत साठतो आणि वरचं दार अर्धवट उघडतं. त्यांना मान डावीकडे, म्हणजे लुळ्या बाजूकडे वळवून गिळायला शिकवलं. मान वळली की लुळी बाजू दबून बंद होते आणि घास उजव्या, चालत्या बाजूने उतरतो. सोबत स्वरयंत्र वर उचललेल्या स्थितीत दोन-तीन सेकंद धरून ठेवण्याचा व्यायाम, म्हणजे दार जास्त वेळ उघडं राहतं. हे दोन्ही उपाय चलचित्रात खरंच उपयोगी पडतायत का ते पाहूनच सुरू करावेत. मान चुकीच्या बाजूला वळवली तर घास थेट लुळ्या बाजूला जातो. दार तरीही उघडत नसेल, तर फुगा घालून ते रुंदावणं किंवा त्या स्नायूत बोटुलिनमचं इंजेक्शन देणं हे पुढचे पर्याय असतात.

नळी काढताना घाई करू नये. आधी घट्टसर, एकसंध घास चमच्याने, मान वळवून, प्रत्येक घासानंतर एक कोरडा आवंढा आणि मग “आ” म्हणून आवाज ऐकणं. आवाज ओला झाला तर खोकून पुन्हा गिळायचं. पातळ पाणी सगळ्यात शेवटी, कारण ते सगळ्यात वेगाने वाहतं आणि स्वरद्वार मिटायला सगळ्यात कमी वेळ देतं.